तिरक्या कोनातून काढलेल्या स्लाइडच्या फोटोचं मराठी भाषांतर – बुलेटची उतरंड टिकवायची आहे, कसं करता?

कोपऱ्यातला_बाक
ज्युनिअर्ससाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोट्स मराठीत करतोय. लेक्चरला मी पहिल्या रांगेत एकदम डाव्या टोकाला बसतो त्यामुळे स्लाइडचे सगळे फोटो वरच्या दिशेने आणि भयंकर तिरके आलेत, डावी बाजू मोठी आणि उजवी बाजू चिमटीत धरल्यासारखी. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपने केलं तर ते फोटोवरच मराठी चिकटवतं आणि बुलेट सगळे एका रांगेत. मग टेक्स्ट कॉपी करून केलं तर अजून मजा. डेडलॉक प्रिव्हेन्शनची स्लाइड आहे, त्यात म्युच्युअल एक्सक्लुजन आणि होल्ड अँड वेट हे दोन मुख्य मुद्दे आणि त्यांच्या खाली पोटमुद्दे. माझ्याकडे जे आलं त्यात होल्ड अँड वेटच्या खालचा शेवटचा पोटमुद्दा (स्टार्व्हेशन होऊ शकतं) वर सरकून मुख्य मुद्दा झाला, आणि तोही "उपासमार शक्य" असा. वाचणाऱ्याला वाटेल उपासमार हा डेडलॉक टाळायचा मार्ग आहे 😅 असे बरेच फोटो आहेत, काहीतरी पद्धत सुचवा.

घाईत_आहे
सरांकडून पीपीटी मागून घे, विषय संपला.

कोपऱ्यातला_बाक
मागितली, देत नाहीत. फोटोच आहेत.

स्कॅनवाला
एवढं काही नाही रे, कुठलंही डॉक्युमेंट स्कॅन करायचं ॲप घे, जुना फोटो त्यात इम्पोर्ट कर, ते आपोआप चार कोपरे पकडून सरळ करतं. मी पावत्या असल्याच करतो, कधी अडचण नाही आली.

पिक्सेलपंत
स्कॅनवाला म्हणतोय ती दिशा बरोबर आहे, आधी सरळ करायचं मग वाचायचं. पण स्लाइडला ही ॲप्स दोन ठिकाणी गंडतात. एक म्हणजे ती पडद्याची काळी चौकट पकडतात, आणि प्रोजेक्टरचं चित्र पडद्याच्या कडेपर्यंत पोचलेलं असेलच असं नाही. दुसरं म्हणजे स्कॅन झाल्यावर आपोआप काळं-पांढरं फिल्टर लावतात, त्यात फिकट रंगाचे छोटे बुलेट पुसले जातात आणि तुला नेमके तेच हवेत. ॲप वापरायचंच तर फिल्टर "ओरिजिनल" ठेव आणि कोपरे हाताने ओढून प्रकाशाच्या चौकोनावर बसव.

आता उतरंड का बिघडली ते सांगतो. नुसतं बाजूने काढलेल्या फोटोत उभ्या रेषा उभ्याच राहतात, फक्त ओळी तिरप्या होतात. तू फोन वरही उचललास म्हणून डावी कडा पण कलली, वरचं टोक आत आणि खालचं बाहेर. म्हणजे स्लाइडवर जे बुलेट एकाखाली एक आहेत ते फोटोत खाली जाताना डावीकडे सरकत जातात. तुझ्या त्या स्लाइडच्या फोटोतल्या चार कोपऱ्यांचे पिक्सेल देशील का?

कोपऱ्यातला_बाक
फोटो 4000×3000 आहे. पेंटमध्ये कर्सर नेऊन बघितले, वरचा डावा 1190,470, वरचा उजवा 2420,1010, खालचा उजवा 2460,1960, खालचा डावा 1070,2480.

पिक्सेलपंत
बघ, डावी कडाच 120 पिक्सेल कललीय. मजकूर स्लाइडच्या मधल्या दोन-तृतीयांश उंचीत आहे असं धरलं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत साधारण 80 पिक्सेल सरकलं. आणि तुझ्या फोटोत डावीकडे एका लेव्हलचं अंतर पडतं 100 च्या आसपास. म्हणजे वरचा पहिल्या लेव्हलचा बुलेट आणि तळाचा दुसऱ्या लेव्हलचा बुलेट यांच्यात जेमतेम 20 पिक्सेलचा फरक उरला, ओसीआरने दोन्ही एकच समजले. तुझं स्टार्व्हेशन तळाला होतं म्हणून तेच वर चढलं.

चार कोपरे मिळाले की बाकीचं इतकंच आहे:

```
import cv2, numpy as np
img = cv2.imread("slide.jpg")
src = np.float32([[1190,470],[2420,1010],[2460,1960],[1070,2480]])
dst = np.float32([[0,0],[1919,0],[1919,1079],[0,1079]])
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
out = cv2.warpPerspective(img, M, (1920,1080), flags=cv2.INTER_CUBIC)
cv2.imwrite("flat.png", out)
```

स्लाइड 16:9 आहे असं धरलंय, जुनी 4:3 असेल तर 1440×1080 कर. प्रोजेक्टर वाकडा लावला असेल तरी काळजी नको, सपाट पडद्यावरचा तो वाकडेपणा पण याच चार कोपऱ्यांत निघून जातो. फक्त कोपरे स्लाइडचे घे, पडद्याचे नाही. एखादा कोपरा कुणाच्या डोक्यामागे लपला असेल तर दोन कडा पट्टीने पुढे वाढवायच्या, छेदतील तो कोपरा.

मीरा_लिहिते
माझ्या कॉलेजात वक्राकार एलईडी भिंत आहे, त्यावर पण हे चालेल का? मी केलं तर मधल्या ओळी पोट आल्यासारख्या दिसतात.

पिक्सेलपंत
नाही चालणार, हे फक्त सपाट पृष्ठभागासाठी. फोनच्या वाइड लेन्सने काढलं तरी कडेच्या ओळी अशाच वाकतात. भिंत उभ्या पट्ट्यांत तोडून प्रत्येक पट्टी वेगळी सरळ करता येते पण जोडताना कंटाळा येतो.

कोपऱ्यातला_बाक
सरळ झाली!! डावीकडचं कडक दिसतंय पण उजवीकडची अक्षरं धुरकट आणि फाकलेली आहेत, काही सेटिंग चुकलं का?

पिक्सेलपंत
सेटिंग बरोबर आहे, तिथे माहितीच कमी होती. तुझ्या फोटोत उजव्या टोकाला साधारण x एवढ्या अक्षराची उंची 20 च्या आसपास पिक्सेल असेल पण रुंदी 8 च, तेच आता आडवं तिप्पट ताणलं गेलं. ताणून नवीन काही येत नाही. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला तर x ची उंचीच 10 पिक्सेलच्या खाली गेली की वाचायला फारशी आशा नसते, आणि तुझ्याकडे उंची पुरेशी असूनही रुंदी मार खातेय. तिथे r आणि n जवळ आले की m वाचलं जाईल, cl चं d होईल. म्हणून प्रत्येक ओळीचा उजवा तिसरा भाग डोळ्याने मूळ फोटोशी ताडून बघ, डावीकडे एवढं बघायची गरज नाही. पुढच्या वेळी एकाच स्लाइडचे दोन फोटो काढ, एक पूर्ण आणि एक उजव्या अर्ध्यावर झूम करून.

मग हे चालव:

```
tesseract flat.png out --psm 6 tsv
```

out.tsv मध्ये प्रत्येक शब्दाचे `left`, `top`, `height` आणि `conf` मिळतात. उतरंड `left` वरून लावायची, बुलेटच्या चिन्हावरून नाही, कारण बुलेट बऱ्याचदा e किंवा ¢ म्हणून वाचला जातो नाहीतर गायबच होतो.

कोपऱ्यातला_बाक
केलं. पण डावीकडचे आकडे दोनच यायला हवे होते, मला चार प्रकारचे दिसतायत, 146, 182, 218, 254 च्या आसपास. लेव्हल तर दोनच आहेत.

पिक्सेलपंत
वा, म्हणजे सरांनी पॉवरपॉइंटची नेहमीची ऑफिस थीम वापरलीय. त्यात पहिला बुलेट आणि त्याचा मजकूर यात पाव इंच, आणि दुसऱ्या लेव्हलचा बुलेट पहिल्यापेक्षा अर्धा इंच आत. 13.33 इंचाची स्लाइड 1920 पिक्सेलवर आणली की एक इंच म्हणजे 144 पिक्सेल. म्हणून 146 ला पहिला बुलेट, 182 ला त्याचा मजकूर, 218 ला दुसरा बुलेट, 254 ला त्याचा मजकूर.

खरी गोम इथे आहे. 254 ला सुरू होणारी ओळ ही वरच्या पोटमुद्द्याची खाली उतरलेली दुसरी ओळ असू शकते, किंवा बुलेट न वाचला गेलेला नवा पोटमुद्दा. ओळखायचं कसं तर `top` मधला फरक बघ, नव्या मुद्द्याच्या आधी थीम थोडी जास्त जागा सोडते, उतरलेली ओळ वरच्या ओळीला चिकटून असते. शंका राहिली तर flat.png उघडून बघायचं, दहा ओळींसाठी अजून हुशारी नको. अक्षराचा आकार पण मदत करतो, त्या थीममध्ये पहिली लेव्हल 28 आणि दुसरी 24 पॉइंट असते. पण सरळ केल्यावरच हं, आधी बघितलंस तर जवळचं मोठं आणि लांबचं छोटं एवढंच कळेल.

शब्दखुणा
आता भाषांतराकडे. ओळी भाषांतराला टाकायच्या आधी उतरलेल्या ओळी जोड, नाहीतर अर्ध्या वाक्याचं एक आणि उरलेल्या अर्ध्याचं दुसरंच भाषांतर होतं. आणि पोटमुद्दा एकटा टाकू नकोस, वरचा मुख्य मुद्दा बरोबर दे, "कमी वापर" हा कशाचा वापर हे त्याशिवाय कळत नाही.

स्कॅनवाला
पारिभाषिक शब्दांसाठी सोपी युक्ती, भाषांतराआधी त्यांच्या जागी QX1, QX2 असं टाकायचं आणि नंतर परत बदलायचं. मशीन त्यांना हात लावत नाही.

शब्दखुणा
हात लावत नाही हे खरं, पण मराठीत त्याने वाक्य लंगडं होतं. QX1 ती आहे की तो हे मशीनला कसं कळणार? प्रोसेस ती, रिसोर्स तो, स्टार्व्हेशन ते. मग "QX1 ला मिळालेला" असं येतं, आणि प्रत्यय सुटा पडतो तो वेगळा चिकटवायचा. मी खुणा वापरते पण फक्त त्या शब्दांसाठी ज्यांचं मशीन हमखास वाटोळं करतं, म्हणजे स्टार्व्हेशन, थ्रेड, होल्ड अँड वेट. बाकीचं येऊ देते आणि लिंग-प्रत्यय हाताने नीट करते. तुझी ती स्लाइड मी अशी केली असती:

```
डेडलॉक प्रिव्हेन्शन
- म्युच्युअल एक्सक्लुजन
  - वाटून वापरता येणाऱ्या रिसोर्सला गरज नाही
    (उदा. फक्त वाचायच्या फाइल्स)
- होल्ड अँड वेट
  - प्रोसेस सुरू व्हायच्या आधीच तिला लागणारे
    सगळे रिसोर्स द्यायचे
  - किंवा हातात एकही रिसोर्स नसेल तेव्हाच
    तिला नवीन मागू द्यायचे
  - तोटे: रिसोर्सचा वापर कमी होतो,
    स्टार्व्हेशन होऊ शकतं
```

"तोटे" हा शब्द मी घातलाय, मूळ स्लाइडवर नसावा. तुला फक्त भाषांतरच हवं असेल तर काढून टाक.

मीरा_लिहिते
मला वाटतं मुख्य संज्ञा रोमनमध्येच ठेवाव्यात, परीक्षेत आणि पुस्तकात तशाच येतात.

शब्दखुणा
पहिल्यांदा येईल तेव्हा रोमन दे हवं तर, पण दर ओळीत दोन लिप्या आल्या की पोरं मराठी वाचायचीच सोडतात. यावर माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं कधी एकमत झालं नाही.

कोपऱ्यातला_बाक
भारी, हीच उतरंड हवी होती. एक उरलंच, तळाला उजवीकडे अजून एक ओळ आहे, मध्ये आलेल्या कुणाच्या तरी डोक्याने सुरुवात झाकलीय, फक्त "if none" एवढंच दिसतं. `left` 700 च्या पुढे येतोय.

पिक्सेलपंत
बुलेटच दिसत नाही म्हणजे `left` चा उपयोग नाही. `height` शेजारच्या 24 पॉइंटच्या ओळींइतका आहे का बघ, तितका असेल तर दुसरी लेव्हल धरायला हरकत नाही. वाक्य काय होतं ते मात्र फोटोतून निघणार नाही, वर्गात कुणी मधल्या बाकावरून काढलाय का विचार.

कोपऱ्यातला_बाक
`height` थोडा कमीच येतोय, पण तो भाग धुरकट पण आहे. ग्रुपवर टाकलंय, तोपर्यंत नोट्समध्ये ती जागा मोकळी ठेवतो.