दहा अर्धायुष्यं म्हणजे पाच आयुष्यं? – शब्द हवा आहे

मुक्ता
नमस्कार मंडळी. किरणोत्सारी औषधं वापरणाऱ्या विभागातला कचरा किती दिवस बंद खोलीत ठेवायचा, याविषयीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. त्यातलं एक वाक्य मी असं केलं: 'आयोडीन-१३१ असलेला कचरा दहा अर्धायुष्ये उलटेपर्यंत साठवावा आणि मग मोजून पाहावा.' संपादकांनी ते 'पाच आयुष्ये उलटेपर्यंत' असं सुधारून परत पाठवलं. दहा अर्धे म्हणजे पाच, वाक्य सुटसुटीत होतं, असं त्यांचं म्हणणं. मी हरकत घेतली तर विचारतात, शब्दातच 'अर्ध' आणि 'आयुष्य' आहे, मग दोन अर्धायुष्यांचं एक आयुष्य का होत नाही?

अर्धायुष्य, अर्धायू, अर्धायुकाल असे तीन शब्द मला वेगवेगळ्या पुस्तकांत सापडले. वाचणाऱ्याची अशी गफलत होणार नाही असा शब्द कोणता?

अनिकेत_प
संपादक चुकताहेत, तुम्ही ठाम राहा. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. पुढच्या आठ दिवसांत उरलेलं सगळं जात नाही, उरलेल्याचं निम्मं जातं. सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी अष्टमांश. असं दहा वेळा केलं की १०२४ वा भाग उरतो. म्हणजे ऐंशी दिवसांनी शून्य धरायला हरकत नाही. शब्दाचं म्हणाल तर आम्ही शाळेत 'अर्धायुष्य'च शिकलो आणि आमचं काही बिघडलं नाही. रुळलेला शब्द उगाच का उखडायचा?

प्राजक्त
रुळलेला असला म्हणून बरोबर ठरत नाही. मूळ शब्द 'आयुस्'. त्याच्यापुढे 'काल' आला की 'आयुष्काल' होतं, 'आयुकाल' नव्हे. तेव्हा संज्ञा करायचीच तर 'अर्धायुष्काल' करा. 'अर्धायुकाल' पाहिला की मला अडखळायला होतं.

बोरूबहाद्दर
प्राजक्त, संस्कृतात 'आयु' असाही शब्द आहे, सगळीकडे सकार जोडायची गरज नाही. आणि जोडाक्षर वाढलं तर कचऱ्याच्या खोलीवर पाटी लावणारा माणूस तो शब्द वाचणारच नाही. माझं मत 'निमकाळ'. निम्मं व्हायला लागणारा काळ तो निमकाळ. दहा निमकाळ म्हटल्यावर कोणी पाच पूर्णकाळ करायला जाणार नाही.

सुहासिनी
हा प्रश्न मलाही पडला होता. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले की हिची हाफ-लाइफ आठवडाभराची आहे, म्हणून डोस बदलल्यावर सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं. मी समजले की दोन आठवड्यांत गोळी शरीरातून संपते, मग सहा आठवडे कशाला? तुमच्या आयोडीनचंही हेच असेल ना?

मापक
मी अशा विभागात किरणोत्सार मोजण्याचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुक्ताताई, तुमच्या संपादकांची दुरुस्ती वाटते त्याहून जास्त घातक आहे, कारण 'आयुष्य' हा शब्द या विषयात रिकामा नाही. सरासरी आयुष्य अशी वेगळी राशी आहे. एकेक अणू फुटेपर्यंत किती काळ टिकला त्याची सरासरी, आणि ती अर्धायुष्याच्या दुप्पट नसते, साधारण १.४४ पट असते. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८.०२ दिवस, सरासरी आयुष्य ११.६ दिवसांच्या आसपास. 'पाच आयुष्ये' हे वाक्य जाणकाराच्या हाती पडलं तर तो सरासरी आयुष्य समजून पाच गुणिले ११.६ करेल आणि अठ्ठावन्न दिवसांनी खोली उघडेल. तेव्हा साधारण १४८ वा भाग उरलेला असेल, १०२४ वा नव्हे. जवळजवळ सातपट जास्त. आणि अजाण वाचक सोळाला पाचानं गुणून ऐंशीवर, म्हणजे योगायोगानं बरोबर उत्तरावर येईल. एकाच वाक्याचे दोन हिशोब निघत असतील तर ते सूचनापुस्तिकेत चालणार नाही.

आता मूळ गोम. 'आयुष्य' म्हटलं की आपण म्हातारपण गृहीत धरतो. अणूला म्हातारपण नाही. ऐंशी दिवस टिकून राहिलेल्या आयोडीनच्या अणूची पुढच्या आठ दिवसांत फुटण्याची शक्यता आज तयार झालेल्या अणूइतकीच, निम्मी. दर आठ दिवसांनी प्रत्येकाची नव्यानं नाणेफेक होते आणि आधी किती वेळा जिंकलो याचा नाण्याला पत्ता नसतो. म्हणून उरलेल्याचंच निम्मं जातं. संपादकांना गणिताऐवजी हे सांगून पाहा.

अनिकेत, तुमची पायरी बरोबर आहे, 'शून्य धरा' हे नाही. दहा अर्धायुष्यं अपूर्णांक सांगतात, किती उरलं ते सांगत नाहीत. एका पिशवीत सुरुवातीला ८०० मेगाबेकरेल असेल तर दहानंतर ०.७८ उरेल. तीच पिशवी हजारपट तीव्र असती तर ७८१ उरले असते, म्हणजे पहिल्या पिशवीच्या जवळजवळ सुरुवातीइतके. म्हणून मूळ वाक्यात 'आणि मग मोजून पाहावा' आहे. ते शब्द कृपा करून कापू देऊ नका.

अनिकेत_प
मान्य, शून्य हा शब्द सैल होता. पण मग उलट हिशोब कसा करायचा? समजा ८०० वरून बरोबर १ मेगाबेकरेलवर यायचं आहे. निम्मं करत गेलो तर ४००, २००, १००, ५०, २५, १२.५, ६.२५, ३.१२५, १.५६ आणि दहाव्याला ०.७८. म्हणजे उत्तर नववं आणि दहावं यांच्या मध्ये. मी मधला भाग सरळ रेषेनं वाटला तर जवळजवळ ७८ दिवस आले.

मापक
पद्धत चांगली, कागदावर मीही असंच करतो. फक्त घट सरळ रेषेत होत नाही. सुरुवातीला ती जास्त उतरते, नंतर मंदावते, त्यामुळे सरळ रेषा नेहमी थोडा जास्त वेळ दाखवते. नेमकं हवं तर गणकयंत्रावर एवढंच:

```
8.02 * log(800) / log(2)
```

उत्तर ७७.३. लॉग कुठल्याही पायाचा घ्या, भागाकारात तो निघून जातो. ८०० च्या जागी 'सुरुवातीचं भागिले हवं तेवढं' टाकायचं. शंभरावा भाग उरायला हवा असेल तर तिथे १००, उत्तर ५३ दिवस. तुमची चूक अर्ध्याअधिक दिवसाची आणि सावधपणाच्या बाजूची आहे, म्हणून ती चालून जाते. खाली पूर्णांक करून 'नऊ पुरे' म्हटलं असतं तर मात्र दीडपट उरलं असतं.

सुहासिनीताई, गोळीत किरणोत्सार नाही, तिथे शरीर औषध बाहेर टाकतं त्याचा वेग मोजलेला आहे. शिवाय तुम्ही रोज नवी गोळी घेता, त्यामुळे पातळी संपत नाही, नव्या पातळीवर स्थिरावते. दर आठवड्याला उरलेलं अंतर निम्मं होतं. पाच-सहा आठवड्यांनी अंतर नगण्य होतं, म्हणून सहा आठवडे. किरणोत्सारी आयोडीन शरीरात असतं तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम चालतात. समजा शरीरही ते आठ दिवसांत निम्मं बाहेर टाकत असेल, तर दोन्ही मिळून ते चार दिवसांतच निम्मं होईल. पिशवीतल्या कचऱ्याला ही सवलत नाही.

सुहासिनी
म्हणजे माझ्या बाबतीत वर चढतानाही निम्मं-निम्मंच. हे इतक्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं. पण मग त्याला 'आयुष्य' का म्हणतात? गोळीला कुठलं आयुष्य?

बोरूबहाद्दर
तेच तर! इंग्रजीतही ही संज्ञा आधी 'हाफ-लाइफ पीरियड' होती, रदरफोर्डच्या काळातली. पुढे 'पीरियड' गळून पडला. आपण भाषांतर करताना गळलेल्या रूपाचं केलं आणि 'काळ' हरवला. 'निमकाळ' म्हणा, सुहासिनीताईंच्या गोळीलाही चालेल आणि आयोडीनलाही.

मापक
रदरफोर्डनं १९०० मध्ये थोरियममधून निघणाऱ्या वायूवर हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा त्याच्यापुढेही आयुष्य नव्हतं. सुमारे मिनिटाला तीव्रता निम्मी होते, एवढंच त्याला दिसलं होतं. 'काळ' ठेवणारा कुठलाही शब्द मला चालेल. पण एक अडचण सांगतो, जिथे कुठलाच शब्द पुरत नाही. ल्युटेशियम-१७७ चं अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या थोडं वर. दहा झाली की सहासष्ट दिवस. पण ते एका विशिष्ट रीतीनं बनवलं असेल तर त्यात १७७एम नावाचा भाऊबंद कणभर मिसळलेला असतो, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६० दिवस. सहासष्ट दिवसांत मुख्य ल्युटेशियम हजारावा भाग उरतं आणि हा भाऊबंद पाऊण शाबूत असतो. मग कचरा मोजला तर यंत्र हिशोबापेक्षा जास्त दाखवतं आणि यंत्र बिघडलंय असं लोकांना वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे. दर आठवड्याचं मोजमाप लॉगच्या कागदावर मांडा. एकच पदार्थ असेल तर रेषा सरळ उतरते, दुसरा असेल तर शेवटी आडवी पडू लागते. अशा पिशवीचं 'अर्धायुष्य' विचारणंच चूक आहे.

प्राजक्त
माहिती मोलाची, पण 'निमकाळ'ला माझा विरोध कायम. 'नीम' फारसी, 'काळ' संस्कृतोद्भव, असा संकर पारिभाषिक शब्दाला शोभत नाही. नीमहकीम आठवतो. 'अर्धनकाल' तरी करा.

बोरूबहाद्दर
नीम फारसी आहे, मान्य. पण वैदिक संस्कृतात 'नेम' म्हणजे निम्मा, आणि फारसी नीम त्याचाच सख्खा नातेवाईक. मग आपला 'निम्मा' कुठून आला हे इतक्या ठामपणे कसं सांगता? आणि वर 'अर्धायुष्काल' सुचवून आता 'अर्धनकाल'? 'अर्धन' कोणी बोलताना ऐकलंय का?

प्राजक्त
'वर्धन' ऐकलंय ना, मग 'अर्धन' का नको? आणि वैदिक 'नेम' ते मराठी 'निम्मा' यांच्या मधल्या प्राकृत पायऱ्या दाखवा. दुहेरी मकार कुठून आला? त्या दाखवल्यात तर विरोध मागे घेतो.

बोरूबहाद्दर
'वर्धन' धातूवरून आलंय, 'अर्ध' हा धातू नाही! प्राकृताचं उद्या पुस्तकं काढून बघतो. मकाराचं उत्तर मिळेल असं वाटतं.

मुक्ता
मापक, सरासरी आयुष्याचा मुद्दा संपादकांना पाठवला, 'पाच' काढायला ते तयार झाले. आता त्यांचा नवा प्रश्न: 'दहा अर्धायुकाल उलटेपर्यंत' की 'उलटल्यावर'? मला 'उलटल्यावर मोजावा' जास्त बरोबर वाटतं, कारण 'उलटेपर्यंत साठवावा' वाचून माणूस त्या दिवशी पिशवी टाकूनच देईल. कोणाचं काही मत?

अनिकेत_प
'निम्मा'त दोन मकार जोर देण्यासाठी आले असतील, जसं 'कच्चा', 'पक्का'.

प्राजक्त
'पक्का' हा 'पक्व'वरून आला, तिथे वकाराचा ककार झाला. 'नेम'मध्ये असा दुसरा व्यंजन कुठे आहे?