मदत हवी आहे: वायरलेस चार्जर नाणं ओळखतो, मग किल्ली का नाही?

काल चार्जिंग पॅडवर चुकून पाच रुपयांचं नाणं राहिलं आणि वरून फोन ठेवला, तर लाइट लाल होऊन चार्जिंग सुरूच झालं नाही. भारी वाटलं. पण आज कपाटाची बारकी किल्ली फोनच्या कडेखाली सरकली होती, चार्जिंग मस्त चालू आणि किल्ली हाताला चटका बसेल इतकी गरम!

मला कळलंय ते असं, की सुरुवातीला पॅड कॉइलचा क्यू फॅक्टर बघतो, धातू असला की तो घसरतो. मग चार्जिंग चालू असताना फोन सांगत राहतो मला इतकी पॉवर मिळाली. समजा पॅडने ६ वॅट सोडले, त्याचा स्वतःचा लॉस अर्धा वॅट, फोन म्हणतो ५ मिळाले, तर उरलेला अर्धा वॅट कुठेतरी धातूत उष्णता होतोय, म्हणून बंद.

मग किल्ली कॉइलच्या कडेला असल्यामुळे तिच्यातला लॉस लिमिटच्या खाली राहिला असेल का? की फोन वाकडा ठेवल्याने हिशोबच चुकतो? घरी कसं तपासायचं, कोणी सांगेल का?