महिन्याला ५०० रुपये टाकून काय होते बाप्पा?

बुटीबोरी_शिफ्ट: आठ महिने झाले नोकरीला, हातात १४ हजार येतात. म्युच्युअल फंडात ५०० ची एसआयपी लावायची आहे. मामा म्हणतात एवढ्याशा पैशात काही होत नाही, चार्जेसच खाऊन टाकतील, आधी पगार वाढू दे. खरंच काही अर्थ आहे का?

इतवारी_गद्दी: मामा बरोबर आहेत. १२ टक्के मिळाले असं समजा, तेही खात्रीचे नाहीत. पाच वर्षांत भरणार ३० हजार, मिळणार ४१ हजार. अकरा हजारांसाठी पाच वर्षं मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचं? त्यापेक्षा टॅली शीक, पगार वाढेल. चणे-फुटाण्याने कोणी जमीनदार झालेला मी तरी पाहिला नाही.

धरमपेठ_हिशेब: हे वाचून राहवलं नाही. मी अकरा वर्षं बँकेत हप्ते वसुलीच्या टेबलावर बसलो आहे. "चार्जेस खाऊन टाकतील" हे अर्धं खरं आहे, पण मामा ज्या चार्जेसना भिताहेत ते हे नाहीत.

फंडाचा खर्च टक्क्यांत कापला जातो. ५०० वाल्याला आणि ५० हजारवाल्याला टक्का तोच. स्टॅम्प ड्युटी ०.००५ टक्के, म्हणजे ५०० वर अडीच पैसे. इथे लहान माणसावर वेगळा अन्याय नाही.

लहान हप्त्याला मारतो तो बाउन्स. तो टक्क्यांत नसतो, सरळ रुपयांत असतो. समजा तुमचा हप्ता १ तारखेला आणि पगार ७ ला. १ तारखेला खात्यात ४३० रुपये. हप्ता कापायला बँकेला दिलेलं मॅन्डेट परत गेलं. फंडवाले काहीच कापत नाहीत, फक्त त्या महिन्याचे युनिट मिळत नाहीत. पण तुमची बँक कापते. दर बँकेप्रमाणे बदलतो. ५०० धरले तर १८ टक्के जीएसटीसह ५९०. खात्यात तेवढे नाहीत, म्हणून बँक थांबते आणि ७ ला पगार पडला की त्यातून उचलते. तुम्हाला वाटतं, पगार कमी आला. वर्षाला तुम्ही भरणार ६ हजार, आणि एका बाउन्सने त्यातले जवळपास १० टक्के गेले. कोणता फंड ते भरून देणार आहे? ओळीने तीन महिने हेच झालं की फंड एसआयपीच बंद करतो. तोवर १,७७० रुपये गेलेले असतात.

५० हजारवाल्यालाही ५९० च लागतात, त्याला ते जाणवतही नाहीत. म्हणून प्रश्न "५०० पुरेसे आहेत का" हा नाही, हप्त्याची तारीख कोणती हा आहे. पगारानंतर तीन-चार दिवसांची घ्या. आदल्या रात्री ॲपमध्ये रद्द करून उपयोग नाही, तो हप्ता बँकेकडे गेलेला असतो.

हिंगणा_एमआयडीसी: बाउन्स झाली की सिबिलही खराब होतं, तेही सांगा ना. माझ्या मित्राला त्यामुळेच गाडीचं लोन नाकारलं.

धरमपेठ_हिशेब: भाऊ, एसआयपी म्हणजे कर्ज नाही, सिबिलला ती कळतच नाही. मित्राचा दुसरा कुठला तरी हप्ता थकला असेल. मात्र खात्यातले पैसे बाउन्समध्ये गेले आणि त्यामुळे मोबाईलची ईएमआय अडकली, तर सिबिलवर येणारच. तेवढं तुमचं खरं.

महालची_काकू: एवढं डोकं लावून राहिले तुम्ही लोकं! आमच्या गल्लीत वीस बायकांची भिशी आहे, महिन्याला हजार. मी दुसऱ्याच नंबरला उचलली आणि पोराची कॉलेजची फी भरली. वीस हजार एकदम देणारा तुमचा फंड दाखवा मला. आणि एखाद्या महिन्यात नाही जमलं तर शेजारीण दोन शब्द बोलते, ५९० नाही घेत.

इतवारी_गद्दी: काकू, शेवटच्या नंबरवालीला काय मिळालं? वीस महिने भरून तेच वीस हजार. तिच्या पैशावर तुमच्या पोराची फी भरली. बिनव्याजी.

महालची_काकू: मग तिला पुढच्या वर्षी पहिला नंबर देतो आम्ही. माणसं आहोत, बँक नाही!

सक्करदरा_२१: माझ्या आईची भिशी आठव्या महिन्यात बुडाली. चालवणारी बाई घराला कुलूप लावून गेली, ऐन दिवाळीच्या आधी. आईचे आठ हजार. वहीत नुसती नावं आणि टिकमार्क, कोणाचीही सही नाही. पोलीस विचारतात, पुरावा काय? आई अजूनही म्हणते, बाई चांगली होती, अडचण आली असेल. भिशीचं कौतुक करणाऱ्यांनी आधी वही दाखवावी.

महालची_काकू: एक बाई वाईट निघाली म्हणून सगळ्या चोर? शेअर बाजारात कोणाचे बुडालेच नाहीत का?

सक्करदरा_२१: तिथे स्टेटमेंट तरी येतं ना काकू.

महालची_काकू: बुडाल्याचं स्टेटमेंट येते. वा, काय सोय आहे!

धरमपेठ_हिशेब: भिशीचा धागा वेगळा काढा, हात जोडतो. मुलगी काय विचारून राहिली आणि आपण कुठे पोहोचलो.

अजनी_पोस्ट: माझा साधा प्रश्न. १४ हजारात बाजूला काहीच साठलेलं नसताना एसआयपी कशाला? पोस्टाची आरडी १०० पासून होते. ६.७ टक्क्याने महिना ५०० चे पाच वर्षांत साडेपस्तीस हजारांवर होतात. आणि हप्ता चुकला तर दंड शंभराला एक रुपया. ५०० ला पाच रुपये! तुमच्या ५९० शी लावून बघा.

धरमपेठ_हिशेब: हे मान्य करावं लागतं, नाइलाज आहे. पण चार हप्ते लागोपाठ चुकले की आरडीही बंद पडते, दोन महिन्यांत चालू करून घ्यावी लागते. आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. दवाखान्याची वेळ आली तर? बारा हप्ते झाल्यावर निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, तेवढंच.

अजनी_पोस्ट: आणि त्याच वेळी बाजार पडलेला असला, तर तुमच्या ५०० चे ४०० होऊन हातात. दवाखाना बाजार सुधारायची वाट बघत नाही.

इतवारी_गद्दी: चला, दोघं भांडा. मी एवढंच म्हणतो, बाउन्स वाचवला तर ५०० बुडत नाहीत, हे समजलं. श्रीमंत होत नाही, हेही तुम्ही नाकारलं नाही.

बुटीबोरी_शिफ्ट: सर, तारखेचं पटलं. पण मी ठेकेदाराकडे आहे. पगार कधी ७ ला, कधी १२ ला, गणपतीत तर १९ ला आला होता. मग कोणती तारीख घेऊ? २५ घेतली तर तोवर पैसे उरत नाहीत.

धरमपेठ_हिशेब: मग मॅन्डेटच देऊ नका. पगार पडला की त्याच दिवशी फंडाच्या ॲपमधून यूपीआयने ५०० ची खरेदी करा. बऱ्याच फंडांत एवढी लहान खरेदी चालते, आधी बघून घ्या. मॅन्डेट नाही तर बाउन्सही नाही.

हिंगणा_एमआयडीसी: हाताने करायचं तर तीन महिन्यांत विसरते माणूस. मी विसरलो.

धरमपेठ_हिशेब: विसरले तर ५०० खात्यातच राहतात, ५९० जात नाहीत. ताई, एक करा. पासबुक काढा आणि बघा, हप्ता परत गेल्याची, ACH किंवा NACH आणि पुढे RTN अशी काही नोंद आहे का.

बुटीबोरी_शिफ्ट: काढलं. मोबाईलच्या हप्त्याचे २९५ दोनदा गेलेत. मला वाटलं मेसेजचे पैसे कापतात.