तीन तारखांचा करार: मालकाची चलाखी की गरज?

पार्ल्याचा_दवाखाना:
पार्ल्यात पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या क्लिनिकसाठी जागा घेतली. मुदत 60 महिने, भाडं महिना 60,000. करारात कमेन्समेंट डेट 1 एप्रिल, रेंट कमेन्समेंट डेट 16 मे. मधले 45 दिवस फर्निचर, वायरिंग करायला भाडं माफ. पण आधीचा भाडेकरू निघेचना. चाव्या हातात पडल्या 24 एप्रिलला. मालक म्हणतात, भाडं 16 मेपासूनच. माझं मत सरळ आहे: मुदतीची एक, भाड्याची एक, चाव्यांची एक, अशा तीन तारखा ही चलाखी. चाव्या मिळतील त्या दिवशी सगळं सुरू, तारीख एकच. पटतंय का?

दादरची_मालकीण:
नाही पटत. एकच तारीख म्हणजे चाव्या मिळाल्या त्याच दिवसापासून भाडं. मग ते 45 दिवस कुठून आणणार? दोन तारखा वेगळ्या आहेत म्हणूनच तुम्हाला सूट मिळाली.

आणि आमचीही बाजू ऐका. माझ्या गाळ्याच्या करारात मी भोळेपणाने लिहून दिलं होतं, "दुकान सुरू झाल्यापासून भाडं". तीन महिने त्या माणसाचं दुकान काही सुरू होईना. कधी सुतार गावी गेला, कधी बोर्ड आला नाही. सोसायटीचा मेंटेनन्स मी भरत होते. तेव्हापासून मी कॅलेंडरची पक्की तारीख लिहिते.

गोरेगावकर_काका:
कमेन्समेंटचा कागद, म्हणजे सीसी, महानगरपालिका देते. आमच्या रिडेव्हलपमेंटला सीसी यायला फार वेळ लागला. तुमच्या मालकाकडे सीसी होता का, ते आधी बघा.

करार_वाचणारी:
काका, ती परवानगी बांधकाम सुरू करायची. यांची इमारत उभी आहे, त्यात आधीचा भाडेकरू राहून गेलाय. इथे कमेन्समेंट म्हणजे कराराची मुदत मोजायला सुरुवात होते तो दिवस.

अंधेरी_एजंट:
सही केलीत, 16 मे लिहिलंय, विषय संपला. एक मात्र बघा, रजिस्ट्रेशन कधी झालं? करार लागू होतो तो रजिस्ट्रेशनच्या दिवसापासून. ते एप्रिलच्या मध्यात झालं असेल तर आधीचे दिवस मोजायचेच नाहीत.

करार_वाचणारी:
पहिलं वाक्य निम्मं बरोबर, रजिस्ट्रेशनचं चूक. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 47 नेमकं उलटं सांगतं: नोंदणी उशिरा झाली तरी दस्त लागू होतो तो नोंदणी नसती तर ज्या दिवसापासून झाला असता, त्या दिवसापासून. म्हणजे यांची मुदत 1 एप्रिललाच सुरू झाली.

आता मूळ प्रश्नाचं. तारखा तीन असणं ही चूक नाही. चूक ही की त्या एकमेकींना बांधलेल्या नाहीत. 16 मे ही तारीख बसवली तेव्हा दोघांच्या मनात "1 एप्रिलला चाव्या, मग 45 दिवस" असा हिशेब होता. कागदावर मात्र नुसता 16 मे उतरला. चाव्या 23 दिवस उशिरा आल्या, भाड्याची तारीख जागची हलली नाही, आणि सूट 45 वरून 22 दिवसांवर आली. दिवसाला 2,000 धरले तर 46,000 रुपये. उशीर मालकाकडून, फटका तुम्हाला.

लिहायला हवं होतं ते असं: "प्रत्यक्ष ताबा दिल्याच्या दिवसापासून 45 दिवस भाडं नाही." आणि मालकीणबाईंची भीती खरी आहे म्हणून त्यापुढे: "जागा रिकामी करून चाव्या देऊ केल्यावर घ्यायला टाळाटाळ केली, तर त्या दिवशी ताबा दिला असं धरलं जाईल." दुकान सुरू होणं भाडेकरूच्या हातात असतं, चाव्या देणं मालकाच्या. ज्याच्या हातात गोष्ट, त्याच्या उशिराचा भार त्याच्यावर.

पार्ल्याचा_दवाखाना:
मग कमेन्समेंट डेटच चाव्यांना का बांधायची नाही? माझं तेच म्हणणं होतं.

करार_वाचणारी:
नोंदणी करताना मुदतीची सुरुवात आणि शेवट, दोन्ही पक्क्या तारखा भराव्या लागतात. "चाव्या मिळतील तेव्हा" असं तिथे चालत नाही. म्हणून मुदत पक्की ठेवायची आणि भाड्याची तारीख हलती.

दुसरं म्हणजे, प्रत्येक गोष्ट कोणत्या तारखेपासून मोजली जाते ते बघा. भाडेवाढ आहे का? लॉक-इन, म्हणजे किती महिने जागा सोडता येत नाही?

पार्ल्याचा_दवाखाना:
दर 12 महिन्यांनी 5 टक्के. लॉक-इन 24 महिने. दोन्हीकडे "फ्रॉम कमेन्समेंट डेट".

करार_वाचणारी:
म्हणजे पुढच्या 1 एप्रिलला भाडं 63,000 होईल. तोवर तुम्ही साडेदहा महिन्यांचंच भाडं भरलेलं असेल. वाढ 16 मेपासून मोजली असती तर पहिल्याच वर्षी दीड महिन्याचे 4,500 वाचले असते, आणि दर वाढीला पुन्हा तसंच. लॉक-इनमध्ये मात्र हीच तारीख तुमच्या फायद्याची: दोन वर्षांनी 31 मार्चला सुटका, चाव्यांपासून मोजलं तर 23 एप्रिल. त्यामुळे "सगळं चाव्यांपासून" म्हणताना जरा थांबा.

सीए_ठाणे:
गंमत म्हणजे इंड एएस 116 हे भाडेकरारांच्या हिशेबाचं मानक लावणाऱ्या कंपन्यांच्या वह्यांत कमेन्समेंट डेट म्हणजे जागा वापरायला मिळाली तो दिवस. तिथे तुमची तारीख 24 एप्रिल झाली असती, करारात काहीही लिहिलेलं असो. तेव्हा नावावर जाऊ नका.

अंधेरी_एजंट:
एवढं कोण वाचतं हो! मालकाला फोन करा, मिटवून टाका. पण ताबा नव्हता तर भाडं नाही, एवढं कायद्यातच असेल ना?

करार_वाचणारी:
यांचा प्रश्न तो नाही. 16 मेला ताबा होता, त्यामुळे भाडं मागायला मालकाला अडचण नाही. गेलेत ते भाडेमाफीचे दिवस. शिवाय मुंबईत 60 महिन्यांचा कागद बहुतेक लीव्ह अँड लायसन्सचा असतो. लीज असेल तर ताबा देण्याची मालकाची जबाबदारी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये आहे. लायसन्सला ते कलम आपोआप लागू होत नाही, कारण तिथे कायद्याच्या नजरेत ताबा मालकाकडेच राहतो, तुम्हाला फक्त वापर मिळतो. म्हणून लायसन्समध्ये लिहिलेल्या शब्दालाच जास्त किंमत. ताब्याबद्दल करारात काय वाक्य आहे?

पार्ल्याचा_दवाखाना:
आत्ता काढून वाचलं. "कमेन्समेंट डेटला जागेचा रिकामा आणि शांततापूर्ण वापर लायसन्सीला देण्यात आला आहे." आणि खाली माझी सही. मार्चमध्येच केलेली.

करार_वाचणारी:
अरेरे. हे छापील वाक्य प्रत्येक मसुद्यात असतं आणि कोणी खोडत नाही. जागा 1 एप्रिलला मिळाल्याचं तुम्ही कबूल करून बसलात, तेही ती मिळायच्या आधी. उशिराबद्दल मालकाचा काही मेसेज आहे?

पार्ल्याचा_दवाखाना:
व्हॉट्सअॅपवर आहे. "आधीचे लोक 23 ला निघतायत, 24 ला या." त्या दिवशीचा मीटरचा फोटोही काढला होता. ताबापावती मात्र केली नाही.

करार_वाचणारी:
मेसेज आणि फोटो जपून ठेवा. मालकांना लेखी कळवा की चाव्या 24 एप्रिलला मिळाल्या, सूट 7 जूनपर्यंत हवी. मान्य झालं तर पुरवणी करार करून नोंदवून घ्या, तोंडी नको. ते अडून बसले तर छापील वाक्य जड की मेसेज, हे आज कोणी छातीठोक सांगू शकणार नाही.

दादरची_मालकीण:
तुमच्या मालकाच्या जागी मी असते तर निम्मे दिवस सोडले असते. सगळे नाही. आधीच्या भाडेकरूला बाहेर काढणं माझ्या एकटीच्या हातात कुठे असतं?

पार्ल्याचा_दवाखाना:
पण बाई, माझ्या हातात तर अजिबातच नव्हतं.