अनुभव धागा: वर्कशॉपला अप्रेंटिसशिपसाठी लिहिलेलं तुमचं पत्र

शर्वरी, डिचोली

मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यावर मी कुंडई, मडकई आणि पिळर्णच्या वसाहतींतल्या वर्कशॉपना मिळून चौदा पत्रं दिली. पहिल्या अकरांचं काहीच झालं नाही. मग पत्र बदलून तिघांना दिलं, त्यांतल्या दोघांनी बोलावलं. एकाकडे गेलं वर्ष काढलं. आता धाकटा चुलतभाऊ पत्र लिहायला बसलाय, म्हणून हा धागा. तुम्ही लिहिलेली किंवा तुमच्या टेबलावर आलेली पत्रं सांगा, फसलेलीही चालतील.

माझ्या पहिल्या पत्रातलं मुख्य वाक्य असं होतं: "मला लेथ, मिलिंग, वेल्डिंग व सीएनसी यांचे उत्तम ज्ञान असून मी कष्टाळू व शिकण्यास उत्सुक आहे." वर्गातल्या चाळीस जणांनी हेच वाक्य लिहिलं असणार.

दुसरं पत्र मराठीत लिहिलं, कारण मालक बेळगावकडचे आहेत आणि फाटकावरची पाटीसुद्धा मराठीत आहे:

"महोदय, मी यंदा मेकॅनिकल डिप्लोमा उत्तीर्ण झाले. शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी काजूची बोंडं चिरडण्याचं दोन रोलरचं यंत्र केलं. त्यातले दोन्ही शाफ्ट लेथवर मी केले. त्यांवर 6205 बेअरिंग बसायचं होतं, म्हणजे 25 मिमी. पहिला शाफ्ट बिघडला. तो गरम असतानाच मी व्हर्नियरने मोजला, 25.00 दिसला, इमरी पेपर मारून संपवला. बेअरिंग हातानेच सरकत गेलं. दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटर लावला तर 24.95. तसाच बसवून यंत्र चालवलं तेव्हा बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरू लागली आणि तिथे तपकिरी घासल्याची खूण पडली. दुसरा शाफ्ट करताना शेवटच्या कटासाठी 0.3 मिमी राखले, थंड होऊ दिला, मायक्रोमीटरने मोजत 25.01 वर थांबले. बेअरिंग आतल्या रिंगवर पाइप टेकवून ठोकून बसवावं लागलं. ते अजून चालतं.

चार जॉ चकमध्ये डायल लावून जॉब सेंटर करता येतो, पण मला वेळ लागतो. मिलिंगवर फक्त सपाट पृष्ठभाग आणि की-वे केले आहेत. सीएनसी चालवताना पाहिलं आहे, स्वतः चालवलेलं नाही. तुमच्याकडे पंपांचे शाफ्ट आणि बुश होतात असं कळलं. ते काम मला शिकायचं आहे. अप्रेंटिसशिप कायद्याखाली एक वर्ष येण्याची तयारी आहे. बिघडलेला शाफ्ट माझ्याकडे आहे, सोबत आणू शकते."

त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "तो शाफ्ट घेऊन येतेस?"

कुंडईकर

बाय, पत्र माझ्याकडे आलं असतं तर मीही बोलावलं असतं. पण कारण तू समजतेस ते नसेल. माझं 9 माणसांचं मशीन शॉप आहे, तीन लेथ, एक मिलिंग. दर जूनमध्ये पत्रांचा गठ्ठा येतो. मी आकडे शोधतो, आणि आकडा दिसला की तो कशाने मोजला ते शोधतो. एकाने लिहिलं होतं, "लेथवर 0.001 मिमीपर्यंत अचूक काम केले." विचारलं, मोजलंस कशाने? म्हणाला, व्हर्नियरने. व्हर्नियरचा सगळ्यात बारीक भागच 0.02 चा. मग त्या पत्राचा पुढचा भाग मी वाचलाच नाही. मुलगा खोटारडा नव्हता, कोणीतरी लिहून दिलेलं त्याने उतरवलं होतं.

तुझ्या पत्रात 24.95 आणि 25.01 आहेत, आणि मध्ये साधन बदललंय. तेवढं मला पुरे.

फक्त गरम असण्याला तू जास्त दोष दिलास. 25 मिमीचा लोखंडी शाफ्ट खोलीपेक्षा 35 अंश जास्त तापला तरी फुगतो फार तर 0.01. तुझा गेला 0.05. उरलेले 0.04 व्हर्नियरचे जबडे कसे दाबलेस त्यात आणि इमरी पेपरमध्ये गेले. इमरी पेपर हा चोर आहे, चमक देतो आणि माप खातो.

शर्वरी, डिचोली

हेच मालकांनी समोर बसवून गणित करायला लावलं! कागदावर 0.01 आला तेव्हा मी गप्प. ते म्हणाले, "कारण चुकीचं आहे, पण शोधलंस ना." पत्रात मी अजूनही चुकीचंच कारण लिहिलेलं आहे, ते मी बदललं नाही.

सावर्डेकर

पत्रबित्र कशाला? डिप्लोमावाल्यांसाठी सरकारी पोर्टल आहे, एनएटीएस. तिथे नाव नोंदवा, वर्कशॉप आपोआप मिळतं. मालकाला खिशातून काहीच द्यावं लागत नाही, सगळा स्टायपेंड सरकार देतं. म्हणून तर ते घेतात.

कुंडईकर

सावर्डेकर, अर्धं बरोबर. नोंदणी लागतेच आणि करार तिथेच होतो. पण वर्कशॉप आपोआप मिळत नाही. 30 किंवा जास्त माणसं असतील तर कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. 4 ते 29 मध्ये मालकाची मर्जी. म्हणजे माझ्यासारख्याची. ती मर्जी पत्रावरूनच ठरते.

पैशाचं असं, 2019 च्या नियमांत डिप्लोमावाल्याला महिना किमान 8000 ठरले होते. किमान रकमेचा अर्धा, म्हणजे त्या हिशेबाने 4000, सरकार भरतं. बाकीचे आपले घालावे लागतात. म्हणून पत्रात "स्टायपेंड नको, नुसतं शिकवा" असं कोणी लिहिलं की मला उलट भीती वाटते. कराराशिवाय ठेवला आणि हाताला लागलं, तर?

आई, म्हापसा

माझ्या मुलाने कॉलेजातून प्रकल्प पूर्ण झाल्याचं पत्र आणलंय, पण त्यावर प्राचार्यांचा शिक्का नाही. तो आधी घ्यावा का? आणि अर्जावर मुलाचा फोटो लावायचा की नाही?

शर्वरी, डिचोली

काकू, ते पत्र कॉलेजचं. इथे मुलाने स्वतः लिहायच्या पत्राबद्दल चाललंय. शिक्का असला तर बरं, पण मला तो कुणी विचारला नाही. फोटोचं मला काही वाटत नाही.

दर्यावर्दी, वास्को

माझं उदाहरण उलटं आहे. पत्र चांगलं होतं, काम नव्हतं. 2012 मध्ये गोव्यातल्या खनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी नुकताच डिप्लोमा संपवला होता. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या दुरुस्तीच्या एका वर्कशॉपला पत्र दिलं. त्यात लिहिलं की काकांच्या ट्रॉलरवर दोन उन्हाळे होतो, इंजिनाचा कूलिंग पंप तीनदा उघडला, इम्पेलर खारटाने आणि वाळूने खाल्लेला होता. फोरमन म्हणाला, "पात्रांव, पत्र बरें, पूण बार्जीच उब्यो आसात." बाहेर नदीत रांगेने उभ्या बार्जी दिसत होत्या. मी हॉटेलच्या मेन्टेनन्सला गेलो, आजही तिथेच आहे. तेव्हा अकरा पत्रांना उत्तर आलं नाही म्हणून लगेच पत्रालाच दोष देऊ नका.

कुडचडेचा इलेक्ट्रिकलवाला

मी जास्त लिहून फसलो. डिप्लोमा झाल्यावर कंत्राटदाराकडे वायरिंगला दीड वर्ष काढलं. पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपला अप्रेंटिसशिपसाठी पत्र देताना अभिमानाने लिहिलं, "दीड वर्षाचा अनुभव." त्यांनी पत्र परत दिलं आणि सांगितलं, डिप्लोमानंतर एक वर्ष किंवा जास्त अनुभव असलेला या योजनेत बसत नाही. मी तर तोच अनुभव विकायला गेलो होतो. त्यांनी हेल्परची नोकरी देऊ केली, घेतली नाही. चूक झाली असं अजूनही म्हणवत नाही.

कुंडईकर

हा नियम पुष्कळांना माहीतच नसतो. तुझं काही चुकलं नाही रे. पण दीड वर्ष लपव असंही मी सांगणार नाही. करारात ते पुढे येतं.

पणजीची अनु

शर्वरी, एक विचारते. तिघांपैकी दोघांनी बोलावलं म्हणालीस. दुसऱ्याकडे का नाही गेलीस?

शर्वरी, डिचोली

त्याने शाफ्ट हातात घेतला, वळवून पाहिला, छान म्हणाला. आणि मग "आमच्याकडे स्टोअरचा हिशेब आणि बिलं सांभाळायला कुणीतरी हवंय, बसून काम आहे." मी पत्रात लेथवरचं काम लिहिलं होतं. नाव मी सांगणार नाही.

एक मात्र माझंही चुकलं. तिथेच "मला लेथवरच उभं राहायचंय" असं म्हणायला हवं होतं. मी "घरी विचारून सांगते" म्हणून बाहेर आले.

सावर्डेकर

ठीक, माझं पोर्टलचं चुकलं. पण पत्रात बिघडलेलं काम कशाला लिहायचं? दहापैकी नऊ मालक तिथेच पत्र ठेवून देतील. कुंडईकर हा दहावा असेल.

कुंडईकर

असू शकतं. माझ्या शेजारच्या शेडमधले, माझ्यापेक्षा मोठं काम करणारे, म्हणतात की मला बिघडवणारा नको, मटेरियल महाग आहे. मी म्हणतो, बिघडवतात सगळेच. कोण सांगतो तेवढंच पाहायचं. पण बिघडलेलं लिहिलं तर दुरुस्त केलेलंही लिहायला हवं. शर्वरीने 24.95 वर थांबून पत्र संपवलं असतं, तर मीही ठेवून दिलं असतं.

पणजीची अनु

पण ज्याने काही दुरुस्तच केलं नाही, त्याने? माझा भाऊ असाच आहे. प्रकल्प चौघांचा, काम दोघांनी केलं, तो अहवाल टाइप करत होता.

दर्यावर्दी, वास्को

त्याला घरात एखादी जुनी मोटर किंवा पंप मिळेल का? उघडू दे, बेअरिंगचा नंबर वाचू दे, परत बसवू दे, चालू होतं का पाहू दे. चार दिवस जातील. पत्र त्यावर लिहील.

कुंडईकर

आणि अहवाल टाइप केला हेही लिहू दे. माझ्याकडे जॉब कार्ड कोणी नीट भरत नाही.

शर्वरी, डिचोली

चुलतभावाने धागा वाचला. आज विहिरीचा बंद पडलेला पंप काढून अंगणात ठेवलाय. बोल्ट गंजलेत, निघत नाहीत. डिझेल मारून ठेवलंय, उद्या परत बघणार आहे.