मायनसचं भिंग नेमकं करतं काय

"लेकराला मायनस दोनचा चष्मा लागला, आजोबांना प्लसचा, फरक काय असतो?"

भाऊ, मायनस दोन म्हणजे त्याला बिनचष्म्याचं अर्ध्या मीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, त्यापुढं फळा धूसर, कारण बहुतेक वेळा डोळा जरा लांबट असतो न दूरचे किरण पडद्याच्या अलीकडंच जुळतात. अंतर्गोल भिंग ते किरण आधीच थोडे फाकवतं, मग फळ्यावरचं अक्षर डोळ्याला अर्ध्या मीटरच्या आत असल्यासारखं वाटतं न नेमकं पडद्यावर उमटतं. आजोबांचं उलटं, जवळच्या अक्षराचे किरण पडद्यापर्यंत येऊनबी जुळत नाहीत, म्हणून बहिर्गोल भिंग त्यांना आधीच एकवटतं. चष्मा पेपरापासून वीतभर वर धरून बघा, मायनसमधून अक्षर बारीक दिसेल, प्लसमधून मोठं. अन् चष्मा घातल्यानं नंबर वाढतो असं आपल्याकडं लई ऐकायला येतं, ते खरं नाही, शाळेत घालूच द्या.