प्रीमियमची देय तारीख बदलल्याची नोटीस आणि ग्रेस पिरियडमधले संरक्षण

ऐरोलीकर: माझ्या मुदत विम्याचा मासिक हप्ता दर महिन्याच्या 28 तारखेला देय असे आणि 28 मेचा हप्ता भरलेला आहे. आता कंपनीचे पत्र आले आहे की जूनपासून देय तारीख 7 राहील आणि “ग्रेस पिरियडचे नियम पूर्वीप्रमाणेच लागू राहतील”. एवढी सूचना पुरेशी आहे का, आणि ग्रेस पिरियडमध्ये संरक्षण नक्की चालू असते का?

कोपरखैरणे सेक्टर 11: माझ्या मते सूचना पुरेशी आहे. देय तारखेनंतर 30 दिवसांची सवलत प्रत्येक पॉलिसीला असते, त्या काळात विमा चालू राहतो आणि दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर थकलेला हप्ता कापून दाव्याची रक्कम वारसाला मिळते. पॉलिसीच्या दस्तऐवजात हे सर्व छापलेले असते. ग्राहकाने तो वाचलेलाच नसेल, तर त्याचा दोष पत्रावर टाकणे योग्य नाही.

नौपाडा, निवृत्त विमा कर्मचारी: संरक्षण चालू राहते आणि हप्ता दाव्यातून वजा होतो, हे बरोबर आहे, फक्त काही पॉलिसींमध्ये त्या विमावर्षाचे उरलेले सगळे हप्तेही वजा केले जातात. परंतु 30 दिवस वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्यांसाठी असतात. मासिक हप्त्यासाठी सवलत 15 दिवसांचीच असते, आणि प्रश्न मासिक पॉलिसीचा असल्यामुळे सगळे गणित त्यावरच उभे आहे.

आता ऐरोलीकरांच्या तारखा मांडून पाहा. 28 मेला भरलेल्या हप्त्याने 27 जूनपर्यंतचा काळ व्यापला जातो. पुढचा हप्ता खरोखरच 7 जूनला देय धरला, तर 15 दिवसांची सवलत 22 जूनला संपते. म्हणजे ज्या काळाचे पैसे कंपनीकडे आधीच जमा आहेत, तो काळ संपण्यापूर्वी पाच दिवस पॉलिसी बंद पडल्याची नोंद होऊ शकते. 25 जूनला काही अघटित घडले, तर कुटुंबाला दाव्यासाठी भांडावे लागेल, आणि मुदत विमा असल्यामुळे चुकत्या मूल्याचा, म्हणजे हप्ते थांबल्यावरही उरणाऱ्या कमी रकमेच्या विम्याचा, आधारही नसेल. “नियम पूर्वीप्रमाणेच” या दोन शब्दांत हे कोणालाही दिसणार नाही, म्हणून ही नोटीस मी अपुरी मानतो.

माझ्या दृष्टीने योग्य मार्ग असा, की पहिली नवी देय तारीख 7 जुलै धरावी आणि 28 जून ते 6 जुलै या नऊ दिवसांचा प्रमाणशीर हप्ता वेगळा घ्यावा. 7 जूनच कायम ठेवायची असेल, तर आधीच भरलेल्या हप्त्यापैकी जेवढे दिवस दोनदा मोजले जातात, त्यांचे पैसे वळते करून द्यावेत. यांपैकी काय केले, हे लेखी एंडोर्समेंटवर यायला हवे, कारण देय तारीख हा कराराचा भाग आहे आणि दाव्याच्या वेळी अधिकारी साधे पत्र पाहत नाही, तो पॉलिसी आणि तिला जोडलेले एंडोर्समेंट पाहतो.

घणसोलीची वाचक: माझ्या स्कूटरचा विमा संपला, तेव्हा एजंटाने 90 दिवसांचा ग्रेस असतो असे सांगितले होते आणि मी निर्धास्तपणे ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडी चालवत राहिले. मग आयुर्विम्याला फक्त 15 दिवस, हा अन्याय नाही का?

नौपाडा, निवृत्त विमा कर्मचारी: ताई, ते 90 दिवस नो क्लेम बोनस टिकवण्यासाठी असतात. त्या मुदतीत नूतनीकरण केले तर बोनस जात नाही, पण मधल्या काळात गाडीला संरक्षण मुळीच नसते आणि विम्याविना गाडी रस्त्यावर आणणे मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. कृपया विमा आजच उतरवा.

खारघर डोंगरपायथा: अशी नोटीस अपुरीच आहे असे माझेही म्हणणे आहे, आणि घणसोलीच्या ताईंचा गैरसमज हाच त्याचा पुरावा आहे. आरोग्य विम्यात हा गोंधळ सर्वांत घातक ठरतो. वर्षाचा प्रीमियम एकरकमी भरणाऱ्याची पॉलिसी संपल्यावर नूतनीकरणासाठी 30 दिवस मिळतात, पण त्या 30 दिवसांत रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर त्या उपचाराचा खर्च मिळत नाही. टिकते ते सातत्य, म्हणजे आधीच्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षा-वर्षे वाया जात नाहीत. तोच ग्राहक पॉलिसी चालू असताना हप्त्याहप्त्याने भरत असेल, तर मात्र ग्रेस पिरियडमध्येही संरक्षण मिळते, असे विमा नियामकाने 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. एकाच नावाच्या सवलतीचे दोन घरांत दोन परिणाम होत असतील, तर प्रत्येक नोटिशीवर “या मुदतीत आपले संरक्षण चालू आहे” किंवा “चालू नाही” असे एक वाक्य छापण्याची सक्ती असली पाहिजे.

कोपरखैरणे सेक्टर 11: मासिक हप्त्याचे 15 दिवस मान्य. तरीही सक्तीच्या वाक्यांना माझा विरोध आहे. नोटीस जितकी लांब होते, तितके लोक ती कमी वाचतात, आणि त्यात मुख्य तारीखच हरवते. बहुतेकांचे हप्ते बँक खात्यातून आपोआप जातात, त्यांनी खात्यात शिल्लक ठेवली की ग्रेस पिरियडचा प्रश्नच उद्भवत नाही.

नौपाडा, निवृत्त विमा कर्मचारी: तारीख बदलताना नेमके हे आपोआप जाणेच अडखळते. आपण बँकेला दिलेल्या नॅच मॅन्डेटवर कमाल रकमेची मर्यादा लिहिलेली असते. समजा हप्ता 1,800 रुपये आणि मर्यादा 2,000 रुपये आहे. संक्रमणाच्या महिन्यात कंपनीने पूर्ण हप्ता आणि नऊ दिवसांचे साधारण 540 रुपये असे 2,340 रुपये एकत्र मागितले, तर खात्यात लाखभर रुपये असले तरी वसुली परत जाते आणि वर बँकेचे शुल्क बसते. आणि सवलतीचे दिवस वसुली परत गेल्याच्या दिवसापासून मोजायचे नसतात, ते देय तारखेपासूनच मोजायचे असतात. संदेश यायला चार-पाच दिवस लागले, तर पंधरातले दहाच हाती उरतात.

शिवाय पॉलिसी एकदा बंद पडली, की पुनरुज्जीवन पाच वर्षांपर्यंत करता येत असले, तरी व्याज आणि प्रकृतीचे नवे घोषणापत्र द्यावे लागते. विमा कायद्याच्या कलम 45 मध्ये तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही, हे जे मोठे कवच आहे, त्याची तीन वर्षे पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात. दहा वर्षे जुनी पॉलिसी या बाबतीत नव्यासारखी होते, म्हणून “नंतर चालू करून घेऊ” हा विचार मला मान्य नाही.

खारघर डोंगरपायथा: आणि पत्रच 7 तारखेनंतर हाती पडले तर? तेव्हा 15 दिवस देय तारखेपासून मोजणे मला न्याय्य वाटत नाही, ते पत्र मिळाल्यापासून मोजले पाहिजेत.

कोपरखैरणे सेक्टर 11: मग पत्र कधी मिळाले यावरच प्रत्येक दाव्यात वाद होईल. तारीख कागदावर एकच आणि ठाम असणे वारसाच्याच हिताचे आहे.

ऐरोलीकर: मी कंपनीला लेखी विचारत आहे की माझी पहिली नवी देय तारीख कोणती, 28 मेच्या हप्त्याचा हिशेब कसा केला, आणि एंडोर्समेंट कधी मिळेल. मॅन्डेटची मर्यादा बँकेत पाहून घेतो. उत्तर येईपर्यंत 7 जूनचा पूर्ण हप्ता भरावा का?

नौपाडा, निवृत्त विमा कर्मचारी: भरा, आणि पत्रात “हिशेबावरील हक्क राखून” असे लिहून पावती जोडा. जादा गेलेले पैसे परत मागता येतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते, आणि तिथे तक्रारीचे शुल्क नसते.

कोपरखैरणे सेक्टर 11: हप्ता भरावा, याबाबत माझेही तेच मत आहे. पत्र अपुरे होते, हे मात्र मला अजून पटलेले नाही.